दहीहंडीचं निवेदन: माईकवर काय बोलायचं आणि कधी गप्प बसायचं

"ताई, आमच्या मंडळाच्या दहीहंडीला यंदा निवेदन माझ्याकडे आलंय. कॉलेजला सूत्रसंचालन केलंय पण रस्त्यावरच्या हंडीचं कधीच नाही. मला थर लावताना सेफ्टीवर आणि लहान मुलांवर भर देणारी स्क्रिप्ट हवीये. आमचे अध्यक्ष काका म्हणतात की सुरुवातीला एकदा 'हेल्मेट घाला, काळजी घ्या' म्हण, बास, आणि वरच्या थराला दहा-बारा वर्षांची पोरं नसतील तर पथकं आपल्याकडे फिरकणार पण नाहीत. मी नक्की काय बोलू आणि काकांना काय सांगू? – नवी निवेदिका, डोंबिवली"

अगं, आधी काकांचं बघू, कारण ते मिटलं नाही तर तुझी स्क्रिप्ट कितीही छान असली तरी ऐन वेळी माईकवर तू एक बोलणार आणि मंडळाच्या टेबलावर दुसरंच चालणार.

२०१४ ला मुंबई हायकोर्टाने अठराच्या खालच्यांना बंदी आणि वीस फूट उंचीची मर्यादा असं दोन्ही घातलं होतं, त्यावर बराच वाद झाला, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, तिथून परत हायकोर्टात आलं आणि ऑगस्ट २०१७ ला उंचीची मर्यादा उठली. ते उठलं एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं. पण त्याच वेळी चौदा वर्षांच्या खालची मुलं थरात नकोत हे सरकारने कोर्टात मान्य केलं आणि ते राहिलंच. म्हणजे दहा-बारा वर्षांचा पोरगा वर चढवणं हा काकांच्या आवडीनिवडीचा विषयच नाहीये, आणि आईवडिलांनी सही करून दिली तरी ते वय काही वाढत नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये दहिसरला अकरा वर्षांचा मुलगा सरावात पडून गेला, हंडीच्या काही दिवस आधी. काकांना हे सांग, आवाज न चढवता सांग, आणि मग एकच प्रश्न विचार की असं आपल्या चौकात झालं तर परवानगीच्या अर्जावर सही कोणाची आहे. बहुतेक वेळा इथेच विषय संपतो.

आणि पथकं फिरकणार नाहीत हे पण पूर्ण खरं नाही. पथकं बक्षिसाच्या हिशोबाने फिरतात. सात थर लावणाऱ्या पथकाचा वरचा मुलगा चौदाच्या आतला निघाला तर ते एकतर हुज्जत घालतील नाहीतर सहा थर लावतील. तुमच्या मंडळाने आधीच ठरवून टाका की वयामुळे एक थर कमी केला तर त्या पथकाचं मानधन कापायचं नाही, सातचंच द्यायचं. हजार-दोन हजाराचा फरक असतो गं, पण त्यामुळे पथकाच्या प्रमुखाला आपल्या पोरांसमोर माघार घेतल्यासारखं वाटत नाही. दुसरं ठरवायचं ते हे की थर 'लागले' कधी धरायचे. बऱ्याच ठिकाणी वरच्याने हात वर करून सलामी दिली की झालं, निवेदक किंचाळतो, फटाके, बक्षीस जाहीर. तुम्ही ठरवा की शेवटचा गोविंदा जमिनीवर पाय टेकवेल तेव्हा थर मोजला जाईल. हे का ते पुढे सांगते.

हे दोन्ही मुद्दे एका कागदावर लिहून काकांची सही घे आणि त्याची एक प्रत माईकपाशी चिकटव. दिवसभरात चार जण येऊन "अगं जाऊ दे ना" म्हणणार आहेत, तेव्हा तुला वाद घालायचा नाही, फक्त कागद दाखवायचा.

आता स्क्रिप्ट. सुरुवातीचं भाषण लांब करू नकोस. दोन मिनिटांचं सेफ्टीचं पुराण कोणी ऐकत नाही, लोक तेवढ्यात वडापाव घेऊन येतात. एवढंच म्हण:

"नमस्कार मंडळी! आपल्या चौकातल्या दहीहंडीला सुरुवात करतोय. इथले नियम थोडे आहेत. चौदा पूर्ण नसलेला कोणीही थरात चढणार नाही. वरच्या तिन्ही थरांना हेल्मेट आणि सगळ्यात वरच्याला बेल्ट. आणि आपल्याकडे थर तेव्हाच मोजला जातो जेव्हा सगळे सुखरूप खाली येतात. गॅलरीतल्या काकू, वहिनी, पाणी टाकायची हौस आत्ता पुरी करून घ्या, पथक रिंगणात आलं की बादल्या खाली ठेवायच्या. बोल बजरंग बली की जय!"

गॅलरीचं वाक्य मी मुद्दाम टाकलंय. पाण्याची मजा सगळ्यांनाच हवी असते पण ओल्या खांद्यावर ओला पाय ठेवून बघ एकदा, आणि त्यात अंगाला तेल किंवा ऑइलपेंट फासलेला असेल तर विचारूच नको. हसत सांगितलं की बायका ऐकतात, "कृपया पाणी मारू नये" म्हटलं की अजून दोन बादल्या येतात. मधे परत एखादी बादली आलीच तर मजल्याचं नाव घे, माणसाचं नको: "तिसरा मजला, प्रेमाने सांगतेय, आता नको."

पथक रिंगणात आलं की तीनच गोष्टी बोल. नाव, कुठून आले, किती थरांचा प्रयत्न. किती थर हे पथकाच्या प्रमुखाला विचारून बोल, स्वतःच्या मनाने नको, आणि ते सहा म्हणाले तर सहाच म्हण. "आज सात होणार का?" हे वाक्य तुझ्या स्क्रिप्टमधून कायमचं काढून टाक. "अजून एक, अजून एक" पण नाही. पब्लिक ओरडतं ते वेगळं, पण स्पीकरमधून तेच आलं की खालच्या पोरांना वाटतं आयोजकच मागतायत. सकाळपासून चार-पाच ठिकाणी थर लावून आलेलं पथक, ट्रकमध्ये भिजत उभं राहिलेली पोरं, खांदे सोललेले, आणि माईकवरून कोणीतरी एक थर वाढवा म्हणतंय. प्रमुखाला नाही म्हणणं किती अवघड जातं ते तूच बघ.

"तर मंडळी, तयार आहे अमुक अमुक गोविंदा पथक, सहा थरांची सलामी द्यायला. बेल्ट लावलाय, हेल्मेट लावलंय, प्रमुखांनी हात वर केलाय. डीजे बंद. आता बोलणार फक्त त्यांची शिट्टी."

आणि मग खरंच गप्प बसायचं. हे सगळ्यात अवघड आहे, कारण निवेदकाला वाटतं शांतता झाली म्हणजे आपण काम करत नाहीये. पण थर कसे लागतात ते जवळून बघ एकदा, पथकाच्या सरावाला जा. खालचा गोल उभा राहतो, एकमेकांच्या खांद्यांवर हात घट्ट, डोकी आत. वरचे थर चढतात तेव्हा बरेचदा बसलेले असतात, गुडघे मोडून खालच्याच्या खांद्यावर, आणि सगळे जागेवर आले की मग खालून वर एकेक थर उठायला लागतो. त्या उठण्याच्या क्षणी अख्खा मनोरा हलतो. कोणी कधी उठायचं ते प्रमुखाच्या शिट्टीवर किंवा आवाजावर असतं, आणि मधल्या थरातल्या पोराला वर काय चाललंय ते दिसत नाही, त्याला फक्त ऐकू येतं. तुझ्या दोन मोठ्या स्पीकरांनी ती शिट्टी गिळली की एक बाजू आधी उठते, दुसरी नंतर. "अरे व्वा काय थर लागतायत, बघा बघा बघा" ही कॉमेंट्री नेमकी याच वेळी करायची सवय असते लोकांना. डीजेवाल्याला आधी भेट, तो काही वाईट माणूस नसतो, त्याला फक्त हाताची खूण ठरवून दे. मूठ मिटली की बंद, उघडली की चालू.

वरचे थर एका-एका माणसाचे असतील तर ते एक्के. चार एक्के वगैरे नावं ऐकशील, लोक त्यावर फिदा असतात. पण एक्क्याला बाजूला धरायला कोणी नसतं, तो एकटाच दोन खांद्यांवर. म्हणून थरांची संख्या तीच असली तरी जितके एक्के जास्त तितकं नाजूक. तुला हे माईकवर समजावत बसायचं नाही, पण कुठे जीभ आवरायची ते कळायला माहीत असलेलं बरं.

गप्प असताना तुझे डोळे सगळ्यात वरच्यावर ठेव. चढायच्या आधी, म्हणजे पथक रिंगणात उभं असताना, स्टेजवरून खाली उतर आणि स्वतः बघ. बेल्ट कंबरेचा पट्टा आहे का खांद्याला आणि मांड्यांना पट्टे असलेला पूर्ण हार्नेस आहे? नुसत्या कंबरेच्या पट्ट्यावर लटकलं की पोरगं उलटं होतं आणि पोटाला, मणक्याला झटका बसतो. दोर वरून सरळ येतोय का बाजूच्या बिल्डिंगवरून तिरका? तिरका असेल तर थर कोसळल्यावर मुलगा पडत नाही हे खरं, पण झोके घेत जाऊन खांबावर नाहीतर भिंतीवर आपटतो. दोर धरणारे कमीत कमी दोन-तीन जण असावेत, मोबाईल खिशात, आणि मुलगा चढेल तसा दोर बरोबर ओढत राहायला हवा. पाच-सहा फूट ढील सोडली तर तेवढं पडल्यावरच दोर पकडतो, मग बेल्टचा उपयोग अर्धा. हुक जमिनीवरच लावायचा आणि जमिनीवर परत आल्यावरच काढायचा. हेल्मेट मोठ्या माणसाचं सैल दिलेलं असतं, हनुवटीखालचा पट्टा लोंबत असतो, त्यात दोन बोटंच जातील इतका घट्ट करायला सांग.

उंचीचा अंदाज पण डोक्यात असू दे. एका खांद्याची उंची साडेचार फूट धरली तर सहाव्या थरावरच्याचे पाय वीस-बावीस फुटांवर असतात, म्हणजे साधारण दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीला.

सलामी झाली. इथे एकच वाक्य: "सलामी झाली! मंडळी, टाळ्या थांबवा, अजून थर उतरायचेत." बक्षीस नाही, फटाके नाहीत, डीजेसाठी तुझी मूठ मिटलेलीच. सगळ्यांचं लक्ष हंडीवरून उडालेलं असतं, खालच्या थराला वाटतं झालं एकदाचं, खांदे ढिले पडतात, आणि वरचे अजून वरच असतात. उतरताना पाय खाली शोधावा लागतो, चढताना निदान दिसत तरी असतो. म्हणूनच ते जमिनीवर पाय टेकल्यावर मोजायचं. मग शेवटचा उतरला की तुझा खरा आवाज काढ, पाहिजे तेवढा: "उतरले! सगळे उतरले! सहा थर पूर्ण! अमुक अमुक गोविंदा पथक!" लोकांना दोन-तीन पथकांनंतर कळतं की इथला जल्लोष उतरल्यावर असतो आणि ते आपोआप वाट बघायला लागतात.

एक विघ्न मात्र हमखास येतं. थर चौथ्यावर असताना पांढऱ्या गाडीतून कोणीतरी साहेब उतरतात आणि कार्यकर्ता तुझ्या कानाशी येतो, "मॅडम, भाऊंचं स्वागत घ्या." नाही घ्यायचं. नंतर म्हण: "भाऊ आपल्यात आलेत, त्यांनीही पथकासाठी थांबणं पसंत केलं, आता स्वागत करूया." भाऊ खूश, कार्यकर्ता खूश.

आता लहान मुलांचं, तुला खरी भीती त्याचीच असणार. समज एक पथक आलं, सात थर म्हणाले, आणि वर चढायला जो तयार होतोय तो तुला पाचवी-सहावीतला वाटतोय. माईकवर "या मुलाचं वय किती?" असं अजिबात विचारायचं नाही. तो पोरगा महिनाभर सराव करून आलेला असतो, हजार लोकांसमोर त्याला चोर ठरवल्यासारखं होतं आणि पथक भडकतं. माईकवर फक्त: "पथकाच्या प्रमुखांनी एक मिनिट टेबलापाशी यावं." टेबलावरच्या माणसाने आधार कार्ड किंवा शाळेचा दाखला बघायचा, पथकाने विमा काढलेला असेल तर त्या यादीत वय असतं तेही बघायचं. जन्मतारीख बघायची, "चौदावं चालू आहे" म्हणतील, चालू नाही, पूर्ण हवं. कागदच नाही म्हणाले तर तो चढणार नाही, विषय तिथेच संपला. मग प्रमुखाला सांगायचं की सहा लावा, मानधन सातचंच. आणि तू माईकवर काय बोलणार? "पथक सहा थरांची सलामी देतंय!" बास. का ते सांगायचं नाही.

आणि तो पोरगा? त्याला कोपऱ्यात एकटा सोडू नका. स्टेजच्या बाजूला कोरडा टॉवेल, गरम काहीतरी खायला, आणि पथकाचाच एखादा मोठा दादा त्याच्याबरोबर. ते ट्रक रात्री दहापर्यंत फिरतात, सकाळच्या पोह्यांवर ही पोरं असतात. जो चौदा-पंधराचा आहे आणि नियमात बसतो त्यालाही प्रमुखाने विचारलं पाहिजे की आज चढतोस का, आणि तो नाही म्हणाला तर नाही. तुला एखादा वर चढताना थरथरताना दिसला, किंवा दुसऱ्या थरावरच रडायला लागला तर हाताने प्रमुखाला खूण कर, माईक नको. उतरल्यावर त्याला स्टेजवर बोलावून "बाळा तुझं नाव काय, शाळा कुठली" हे पण टाळ, पथकाचं नाव पुरे. मुलींचं पथक असेल तर "बघा आपल्या मुली पण कमी नाहीत" टाईप वाक्यं नको, त्यांचे थर मोज आणि त्यांना ओले कपडे बदलायला बंद खोली आहे एवढं आधी बघून ठेव.

आता जे कोणी लिहून ठेवत नाही ते लिहून ठेव. थर कोसळतातच. बहुतेक वेळा माणसांवर माणसं पडतात आणि सगळे हसत उठतात. पण कोणी उठलं नाही तर तुझ्याकडे तयार वाक्यं हवीत कारण त्या क्षणी सुचत नाही:

"डीजे बंद. सगळे आहात तिथेच थांबा. जो पडलाय त्याला कोणी उचलू नका, बसवू नका, पाणी पाजू नका. डॉक्टर, रिंगणात या. डावीकडची लेन मोकळी करा, ॲम्ब्युलन्स येतेय. मोबाईल खाली घ्या."

डावीकडची म्हणजे कुठली हे सकाळी चालत जाऊन बघून ठेव आणि दुकानाच्या नावाने सांग, "मेडिकलच्या बाजूची". हौशी लोक काखेत हात घालून उचलतात आणि मानेला मार असेल तर तिथे कायमचं नुकसान होतं, डोकं-मान न हलवता धरून ठेवायचं असतं, ते काम डॉक्टरांचं. ॲम्ब्युलन्स चौकात उभी नसेल तर १०८ कोण लावणार ते नाव ठरलेलं असू दे. जखमीचं नाव माईकवर नको, त्याची आई समोर गर्दीत असू शकते. आणि एकच ॲम्ब्युलन्स असेल आणि ती गेली तर ती परत येईपर्यंत पुढचं पथक थर लावणार नाही. तेवढ्या वेळात भजन लावा, गप्पा मार, लोक थांबतात.

डोक्यावर पडून उठलेला मुलगा हसत असला तरी त्या दिवशी परत चढणार नाही, इथे नाही आणि पुढच्या हंडीवर पण नाही. हे प्रमुखाला बाजूला घेऊन सांगायचं. उलटी, पेंग येणं, तेच तेच विचारणं, डोकं जास्त जास्त दुखणं, यातलं काहीही दिसलं की सरळ हॉस्पिटल. ट्रकमध्ये झोपला म्हणजे दमला असेल असं धरून चालतात लोक, तेच घातक.

जाता जाता, हंडी बांधणाऱ्याला पण बेल्ट द्यायला सांग. २०२५ ला हंडीच्या दिवशीच मानखुर्दला दोर बांधताना एक जण पडून गेला, तो थरात नव्हताच. दोर कप्पीवर घेतला तर हंडी खालूनच वर-खाली करता येते, परत परत कोणाला खिडकीच्या छज्ज्यावर चढावं लागत नाही, आणि चार थरांच्या छोट्या पथकासाठी हंडी खाली पण घेता येते. तेव्हा माईकवर म्हणायचं, "हंडी चार थरांवर घेतलीये, या रे पोरांनो," आणि त्यात कमीपणा वाटेल असं काही बोलायचं नाही.

कागद प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घाल, ओला होणारच आहे. आणि आवाजासाठी मधे मधे कोमट पाणी पीत राहा, दुपारी तीननंतर घसा जातो.